रविवारी ६०० पानांचं लग्न, ब्रीफिंग मी घ्यायचंय

प्रश्न: सर, मी हॉटेल मॅनेजमेंटच्या तिसऱ्या वर्षाला आहे. केटररकडे पार्टटाइम करतो, रविवारी पहिल्यांदा कॅप्टन म्हणून ट्रायल आहे. ६०० पाहुणे, बुफे, मुहूर्त १२.३५. वाढपी सगळे माझ्यापेक्षा मोठे, त्यांना ब्रीफिंगमध्ये मी काय सांगू?

उत्तर: अरे, मेनू वाचून दाखवू नकोस, तो त्यांना तुझ्यापेक्षा पाठ असतो. त्यांना माहीत नसतं ते एवढंच की आज कोण कुठे उभं राहणार आणि गर्दी कधी येणार. आपल्याकडे शेवटची अक्षता पडली की पाच मिनिटांत अर्धा हॉल ताटांकडे वळतो, म्हणून सगळं वेळापत्रक मुहूर्तावरून उलटं मोज. १२ ला ब्रीफिंग, १२.१५ ला चाफिंग डिशखालचं पाणी गरम असायला हवं, १२.३० ला जो तो आपापल्या जागेवर.

आता हिशोब कर. एका लाइनीतून मिनिटाला साधारण पाच माणसं पुढे सरकतात असं मी धरतो. एकच टेबल दोन्ही बाजूंनी चालवलं तर मिनिटाला दहा, म्हणजे ६०० ला तास लागला, आणि तशी दोन टेबलं लावलीस तर अर्ध्या तासात काम. हा आकडा मालकाला आदल्या दिवशीच सांग, रविवारी सांगून उपयोग नाही.

मी बँक्वेटमध्ये होतो तेव्हा एका लॉनवर आम्ही गरम पुऱ्या लाइनीच्या सुरुवातीलाच ठेवल्या होत्या. तळणारा एकटा, लोक रिकामी ताटं धरून पुरीची वाट बघत उभे, रांग पार स्टेजपर्यंत गेली आणि पुढे भाज्या थंड होत बसल्या, कुणाचं लक्षच नाही. म्हणून पुरी, डोसा, चाट असं जे जे थांबायला लावतं ते लाइनीबाहेर, वेगळ्या काउंटरवर. लाइनीत सुरुवातीला फक्त ताटं, चमचे आणि नॅपकिन शेवटी, नाहीतर लोकांचे हात आधीच भरतात.

ब्रीफिंग किचनमध्ये नको, काउंटरपाशीच घे, पंधरा मिनिटं पुरे. सगळ्यांना घेऊन पाहुण्यासारखं ताट हातात धरून लाइनीतून एकदा चाल, कुठे अडतंय ते तिथेच कळतं. प्रत्येक काउंटरला एकच नाव, आणि तो पाणी प्यायला गेला तर कोण उभं राहणार तेही. रिफिलसाठी एकच नियम सांग, पातेलं एक तृतीयांश उरलं की हात वर करायचा, तळ दिसेपर्यंत थांबायचं नाही. आणि जुन्या भाजीवर नवी ओतायची नाही, पातेलंच बदलायचं. जैन काउंटरचा डाव दुसरीकडे जाता कामा नये, हे मात्र दोनदा सांग.

मोठ्या माणसांशी बोलताना हुकूम सोडू नकोस. "काका, गोडाचा काउंटर तुम्ही सांभाळा, आजी-आजोबांना खुर्चीवर नेऊन वाढायला दोन पोरं तुमच्याकडे देतो," असं म्हटलं की काम होतं. शेवटी एका-दोघांना विचार, तुमचा काउंटर कोणता, पुढचं पातेलं कुठून येणार. उत्तर अडखळलं तर पुन्हा सांग.

हो, वधू-वर आणि घरचे सगळ्यात शेवटी जेवतात, त्यांच्यासाठी चाळीसेक ताटांचं आधीच काढून गरम ठेव. आणि ब्रीफिंगआधी पोरांचं जेवण उरकून घे, एकदा गर्दी सुरू झाली की तीनपर्यंत कुणाला घास मिळत नाही.