कोरियन घरभाड्याच्या जाहिरातीतील आकडे कसे वाचावेत?

प्रश्न: सोलमध्ये खोली शोधतोय. ॲपवर "월세 1000/55, 관리비 7만, 3/5층" असे दिसते. याचा अर्थ काय?

उत्तर: येथील आकडे 만 या एककात, म्हणजे दहा हजार वॉनच्या पटीत वाचावेत. 월세 म्हणजे मासिक भाड्याचे घर. तिरक्या रेघेआधीचे 1000 म्हणजे एक कोटी वॉन अनामत, जी करार संपल्यावर परत मिळते, आणि नंतरचे 55 म्हणजे दरमहा साडेपाच लाख वॉन भाडे. 관리비 हा देखभाल खर्च 70 हजार वॉन असल्याने महिन्याचा खरा आकडा 6 लाख 20 हजार होतो. त्यात पाणी व इंटरनेट धरले आहे का, हे आवर्जून विचारावे. वीज आणि गॅस बहुधा वेगळे असतात. भाडे संशयास्पद कमी आणि 관리비 फुगलेले दिसले, तर बेरीजच पाहावी.

3/5층 म्हणजे पाच मजली इमारतीतील तिसरा मजला. मात्र कोरियात तळमजल्यालाच पहिला म्हणतात, म्हणून आपल्या हिशेबाने तो दुसरा. आकड्याऐवजी 저, 중 किंवा 고 असल्यास अनुक्रमे खालचा, मधला, वरचा मजला समजावा. 반지하 म्हणजे अर्धतळघर. तेथे ओल तपासल्याशिवाय करार करू नये.