रक्त कमी नव्हतं, भलतीकडे होतं

प्रश्न: मुलगी सातवीत आहे, सायन्सच्या चार्टसाठी विचारतोय. ऑक्सिजन सोडून रक्त अजून काय काय वाहून नेतं?

उत्तर: अन्न, हार्मोन्स, युरिया हे पुस्तकात असतंच, ते ती लिहीलच. उष्णता मात्र कुणी लिहीत नाही, आणि आमच्या खान्देशात एप्रिल-मे मध्ये रक्ताचं तेच सगळ्यात अवघड काम. मी लॅबमध्ये रोज रक्त काढतो आणि याच्यावरून माझं दाजींशी भांडण आहे, म्हणून जरा लांबणार.

पारोळ्याकडे लग्न होतं, भर उन्हाचं. भाचा आठवीत, नवरदेवाच्या मिरवणुकीत बँडपुढे मनसोक्त नाचला आणि लगेच मांडवात येऊन अक्षता घेऊन उभा राहिला. मंगलाष्टकं चालू असतानाच पांढराफटक पडला आणि धाडकन खाली. दाजींनी आणि अजून एकाने उचलून खुर्चीत बसवला, तर मान परत लटकली, मागून आजी ओरडते "पोऱ्याना आंगमा रगत कमी शे". मी भांडूनच त्याला खाली आडवा केला, पाय लोडावर टेकवले. मिनिटभरात डोळे उघडले.

आता झालं काय ते बघा. नाचताना स्नायू भरपूर उष्णता तयार करतात. रक्त ती उचलून कातडीपर्यंत आणतं, ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये पाणी फिरतं तसं. एरवी मोठ्या माणसाच्या कातडीतून मिनिटाला अर्धा लिटरच्या आसपास किंवा त्याहून कमी रक्त फिरतं, पण कडक उन्हात हेच सात-आठ लिटरपर्यंत जाऊ शकतं, म्हणूनच तोंड लाल होतं. आणि अंगात एकूण रक्त पाचच लिटर, म्हणजे तेच तेच रक्त हृदयाला धावत फिरवावं लागतं. बरं, हवा ४३ अंश आणि कातडी ३५-३६, तर उष्णता हवेत जाणारच नाही, उलट आत येणार. मग उरतो फक्त घाम, आणि तोही वाळला तरच थंडावा, नुसता निथळून काही होत नाही. घामाचं पाणी येतं रक्तातूनच, म्हणजे रक्तातलं पाणीही कमी होत चाललेलं.

नाचत होता तोवर पोटऱ्यांचे स्नायू रक्त दाबून वर ढकलत होते. उभा राहिल्यावर ते थांबलं, रक्त पायात आणि कातडीत साचलं, हृदयाकडे कमी परतलं, मेंदूला कमी पडलं, की माणूस पडतो. आडवा केला की ते आपोआप परत येतं. खुर्चीत बसवून नाही!

हार्मोनचं उदाहरणही याच पोराचं घ्या. घामामुळे रक्त जरा घट्ट झालं की मेंदूला ते कळतं आणि तो व्हॅसोप्रेसिन सोडतो. हे किडनीपर्यंत नेणार कोण, तर रक्तच, आणि किडनी समजते की पाणी धरून ठेवायचंय. त्यामुळे संध्याकाळी त्याला लघवी थोडीच आणि गडद पिवळी झाली. लिव्हरमध्ये बनलेला युरिया रक्ताने किडनीत आणून टाकायचं थांबवलं नव्हतं, फक्त तो थोड्या पाण्यात बाहेर पडला. चार्टवर गडद पिवळ्या लघवीची बाटली काढा, मुलांना लगेच समजेल.

मावशी म्हणत होती सकाळी खाल्लं नाही म्हणून साखर उतरली. पाच लिटर रक्तात मिळून साखर असते पाचेक ग्रॅम, चमचाभर, आणि ती कमी व्हायला लागली की लिव्हर स्वतःच्या साठ्यातून रक्तात सोडत राहतं. धडधाकट पोरगा एका नाश्त्यासाठी पडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याचं रक्त तपासलं, एचबी १३.२, छान. दाजींनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि लोहाचं टॉनिक आणलं, पोराला कॉन्स्टिपेशन झालं तरी चालूच. दाजी, रक्त कमी नव्हतं, भलतीकडे होतं, आणि पाणी कमी होतं. लिंबू-मीठ-साखरेचं सरबत मिरवणुकीआधी पाजायचं होतं.

हां, हे सगळं चक्करेपुरतं. आडवं केल्यावरही शुद्ध आली नाही, बडबड करायला लागला, अंग तव्यासारखं तापलेलं असेल तर तो उष्माघात, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि गाडी थेट दवाखान्यात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जातं. एका नाश्त्याने साखर उतरत नाही हे डायबेटिस असलेल्यांना लागू नाही. आणि मुलींचं एचबी आपल्याकडे खरंच कमी निघतं बऱ्याचदा, ते तपासून घ्या, तपासल्यावर कमी असेल तर टॉनिक द्या.