सोबत, बरोबर आणि ती बिचारी 'एकाकी'

"वाढदिवसाला एकटीच हॉटेलात जाऊन मस्त जेवले. फोटोखाली 'एकाकी संध्याकाळ, स्वतःसोबत डिनर' लिहिलं, तर मैत्रीण म्हणाली 'सोबत' नाही, 'बरोबर' हवं. कोणाचं खरं? आणि नुसता आराम करायच्या दिवसाला, म्हणजे सेल्फ-केअर डेला, मराठीत काय लिहायचं?"

आधी ते 'एकाकी' पुसा. हल्ली कॉफीच्या कपाखालीसुद्धा हा शब्द दिसतो आणि माझं डोकं उठतं. पाणिनीने या शब्दासाठी एक वेगळं सूत्र खर्ची घातलंय (५.३.५२): 'एक' शब्दाला 'आकिनिच्' प्रत्यय लागतो, पण 'असहाय' या अर्थी. सहाय म्हणजे आपल्याबरोबर चालणारा, तो ज्याला नाही तो एकाकी. म्हणजे शब्दाच्या जन्मातच उणीव आहे. तुमच्या ताटात दोन गुलाबजाम दिसताहेत, उणीव कुठे आहे? 'एकांत'ही नको. आजूबाजूच्या टेबलांवर चाळीस माणसं जेवत असताना कसला एकांत? शिवाय आपल्याकडे एकांत सहसा दोघांनाच हवा असतो.

आता मैत्रिणीचा 'बरोबर'. हा फारसी 'बराबर'. फारसीत 'बर' म्हणजे छाती. बर-आ-बर म्हणजे छातीला छाती लावून, समोरासमोर, म्हणून समसमान. म्हणजे 'स्वतःबरोबर जेवले' म्हणायला दोन छात्या हव्यात! गणितात उत्तर बरोबर येतं ते याच तोलामुळे.

'सोबत' मात्र सुरेख शब्द आहे. मूळ अरबी 'सुहबत', स-ह-ब या धातूचा. फारसीतून आपल्याकडे आला. त्याच धातूचा 'साहिब', आणि त्याचाही मूळ अर्थ सोबतीच. एकाच घरातली ही दोन भावंडं: एक आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसलं, दुसरं काचेच्या केबिनमध्ये जाऊन साहेब झालं. एका व्याख्यानात एक विद्वान 'सह' पासून 'सोबत' सिद्ध करत होते. मधला 'ब' कुठून आला हे विचारल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं. अहो, 'मुहर्रम'चा आपण 'मोहरम' करतो, 'पोहोचणे'तला 'ह' गिळून 'पोचणे' म्हणतो. हे दोन्ही 'सुहबत'ला लावा, 'सोबत' हातात पडते. त्यासाठी संस्कृतचं दार ठोठावायची गरज नाही. शुद्धीवाले म्हणतील 'समवेत' लिहा. 'स्वतःसमवेत भोजन'! खाली 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' तेवढं राहिलं.

पण खरी गंमत पुढे आहे. फारसीत आज 'सोहबत' म्हणजे बोलणं, गप्पा. तुर्कीतही 'सोहबेत' म्हणजे गप्पाच. सोबत असणं आणि बोलत बसणं यांत त्या लोकांनी फरकच ठेवला नाही. आता तुकोबांचा 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं' आठवा, त्यातला शेवट: 'तुका म्हणे होय मनासी संवाद । आपुलाचि वाद आपणांसी ॥' फारसी कानांनी ऐकलं तर ही स्वतःशी केलेली 'सोहबत'च आहे! तुकोबांनी तो शब्द इथे वापरलेला नाही, पण अर्थ तोच. म्हणून माझा हट्ट असा की, स्वतःच्या जोडीने काही करायचं असेल तर मराठीत 'सोबत'च शोभते. तिच्यात दुसऱ्या छातीची अट नाही, फक्त संवाद हवा.

आणखी एक, हे माझं पदरचं. मराठीत 'सोबतीला जाणं' म्हणजे नुसतं शेजारी बसणं नव्हे. शेजारच्या काकू घरात एकट्या असल्या की आम्हा मुलांपैकी एकाला 'सोबतीला' झोपायला पाठवायचे. बारा वर्षांचं पोर चोराचं काय करणार होतं? पण काकूंची भीती जायची. संगतीने माणूस बिघडतो किंवा सुधारतो, सोबतीने त्याची भीती जाते. हॉटेलच्या दारात वेटर 'किती जण?' विचारतो, तेव्हा पोटात जो बारीक खड्डा पडतो, त्यावर उतारा म्हणून 'आज सोबतीला मी' ही ओळ मला पटते. 'टेबल दोघांचं, सोबत माझी मला' हेही चालेल.

आरामाच्या दिवसाचं विचारलंत ना? 'स्वतःची काळजी' लिहू नका. 'काळजी घे' आपण ताप आलेल्याला किंवा एसटीत बसणाऱ्याला म्हणतो. डोक्याला तेल चोळून, गरम पाण्याने न्हाऊन दुपारी ताणून देणं याला घराघरात शब्द आहे: लाड. 'आज माझे लाड, मीच केलेले.'

त्यातला 'च' बघा. तोच 'च' तुमच्या प्रश्नात 'एकटीच जेवले' असा आलाय आणि तिथे तो डोळे पुसतोय. 'एकटीच आलीस?' हे कोणत्या सुरात विचारतात ते ठाऊक आहे ना? तिथला काढून 'मी'ला लावा: 'आज सोबतीला मीच.'