दुपारी २:३१ चा डेटा परत कसा आणू?

आरडीएस पोस्टग्रेसवर २:३२ ला `WHERE` न लावता `DELETE` मारला. बॅकअप पहाटेचा. सकाळपासूनचा डेटा गेला का?

नाही. पहाटेच्या स्नॅपशॉटनंतरचा प्रत्येक बदल ट्रान्झॅक्शन लॉगमध्ये क्रमाने नोंदलेला असतो, आणि आरडीएस ते लॉग दर ५ मिनिटांनी एस-थ्रीवर चढवतं. रिस्टोअरमध्ये आधी स्नॅपशॉट उभा राहतो, मग लॉगमधले बदल त्यावर पुन्हा चालवले जातात, तुम्ही सांगितलेल्या वेळेपर्यंतच. रिस्टोअरच्या कमांडमध्ये वेळ यूटीसीत द्या, म्हणजे ०९:०१. साडेपाच तासांची ही चूक मीही केली आहे.

```
--restore-time 2025-06-10T09:01:00Z
```

जुन्या डेटाबेसला धक्का लागत नाही, वेगळा इन्स्टन्स तयार होतो. त्यातून उडालेल्या ओळीच जुन्यात आणा. सगळं ॲप नव्यावर वळवलंत, तर २:३१ नंतरच्या ऑर्डरी मागेच राहतील.