स्प्लिट एसीचा कुबट वास

प्रश्न: एसी चालू केला की पहिली पाच मिनिटं कुबट वास येतो, फिल्टर धुतला तरी जात नाही. काय करू?

मेन स्विच बंद करून कूलिंग कॉइल, ब्लोअर आणि पाण्याचा ट्रे धुवून घ्या, वास तिथल्या बुरशीचा असतो. एसी चालताना कॉइलवर पाणी सुटतं, बंद केला की ती ओलीच राहते, वर धूळ बसते, मग बुरशी धरतेच. कॉइलवर एसीचा फोम क्लीनर चालतो पण ब्लोअर मेकॅनिककडूनच जेट पंपाने धुवून घ्या, एसीच्या आतल्या सर्किट बोर्डवर पाणी गेलं तर तो जळू शकतो. ब्लीच अजिबात नको, ॲल्युमिनियमची कॉइल खराब होते आणि वाफ नाकातोंडात जाते. नंतर रोज बंद करण्याआधी १५-२० मिनिटं फॅन मोडवर ठेवा, कॉइल वाळते. मात्र वास गटारासारखा असेल तर ड्रेन पाइप बाथरूमच्या लाइनला जोडलाय का ते आधी बघा, तिथे धुवून उपयोग नाही.