इंटर्नच्या पत्रात सगळीकडे ४ गुण द्यावेत का?

प्रश्न: अकाउंट्स विभागातल्या बी.कॉम.च्या मुलीची ८ आठवड्यांची इंटर्नशिप संपतेय. कॉलेजला द्यायच्या पत्रात पुढाकार, भरवसा, शिकण्याचा वेग, संवाद यांना ५ पैकी गुण द्यायचेत. सगळीकडे ४ देऊ का?

उत्तर: नको, त्यातून कॉलेजला काहीच कळत नाही. आधी प्रत्येक मुद्द्यापुढे घडलेली एक गोष्ट लिहा, अंक नंतर टाका. उदाहरणार्थ, शिकण्याचा वेग: "पहिल्या आठवड्यात टॅलीतल्या २० खरेदी बिलांत ६ चुका, बहुतेक राज्यातल्याच खरेदीला आयजीएसटी लावल्याच्या, चौथ्या आठवड्यापासून ही चूक नाही. गुण ५." सुरुवातीच्या चुकांसाठी इथे गुण कापू नका, कारण चूक किती लवकर थांबली हेच मोजायचंय.

भरवशात हजेरी, तारखा पाळणं आणि उशीर होणार असेल तर आधी कळवणं एवढंच पाहा.

खरी गल्लत अबोल मुलांबाबत होते. संवाद कमी म्हणून पुढाकाराचेही गुण जातात, हा अन्याय आहे. कोणी न सांगता तिने थकबाकीदारांची यादी केली, पण अडचण दोन दिवस सांगितली नाही, तर पुढाकार ४, संवाद २. असा कमी गुण पत्राआधी तिला समोर बसवून सांगा.

तारखा, एकूण तास, सही-शिक्का विसरू नका. क्रेडिट देताना कॉलेज तास पाहतं.