पान्हा जोरात येतो तेव्हा

अगं, बाळ ठसका लागून तोंड काढतं, म्हणजे त्याला दूध नको असतं असं नाही. पान्हा फुटताना धार इतकी जोरात येते की गिळणं आणि श्वास यांचा मेळ बसत नाही. छातीत मुंग्या आल्या, बाळ गटागट गिळू लागलं, की तोंडाच्या कोपऱ्यातून बोट सरकवून त्याला अलगद सोडव. फवारा कापडात जाऊ दे, नुसते थेंब पडू लागले की पुन्हा लाव. मागे रेलून बाळाला अंगावर पालथं घेतलंस तर आणखी सोपं जातं. पंपाने भरपूर दूध मात्र काढू नकोस, काढशील तितकं जास्त बनेल. धार मंदावल्यावरही ठसका लागत असेल किंवा वजन वाढत नसेल तर डॉक्टरांना दाखव. ओठ निळे पडले तर क्षणभरही थांबू नकोस.